'महाराष्ट्र राज्याची निर्मिती' या पाठाचा कारण–घटना–परिणाम तक्ता: परिणामांचा रकाना कसा लिहावा?

अबोली_कराड

नमस्कार मंडळी. माझी भाची आठवीत आहे आणि तिच्या इतिहासाच्या उजळणीसाठी आम्ही दोघींनी 'महाराष्ट्र राज्याची निर्मिती' हा एकच पाठ निवडून त्याचा तक्ता करायला घेतला आहे. डावीकडे तारीख आणि तिच्यापुढे कारण, घटना व परिणाम असे रकाने आहेत. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून १ मे १९६० पर्यंतच्या सगळ्या नोंदी तारखांसह त्यात आल्या आहेत. तारखा तिला आता पाठही झाल्या आहेत.

अडचण परिणामांच्या रकान्यात येते. जे. व्ही. पी. समितीचा अहवाल, फाजल अली आयोगाचा अहवाल, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा आणि द्विभाषिक राज्याची स्थापना या चारही ओळींपुढे तिने 'मराठी जनतेत असंतोष पसरला' असेच लिहिले आहे. ते चूक आहे असे मला म्हणता येत नाही, पण चारही ठिकाणी परिणाम एकच असेल, तर त्या चार घटना वेगवेगळ्या लक्षात तरी कशा राहणार? दुसरा प्रश्न फाजल अली आयोगाचा आहे. तो घटनेच्या रकान्यात लिहावा की कारणाच्या, आणि त्याची तारीख १९५३ धरावी की १९५५? ज्यांनी असे तक्ते केले किंवा करून घेतले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

तानाजी_लालबाग

ताई, हे इतके अवघड नाही. सगळ्या घटना तारखेच्या क्रमाने लावा. वरची ओळ म्हणजे खालच्या ओळीचे कारण आणि खालची ओळ म्हणजे वरचीचा परिणाम, असे वाचत गेले की साखळी आपोआप तयार होते. आणि २१ नोव्हेंबर १९५५ ही ओळ ठळक अक्षरांत लिहा, कारण त्या दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी १०६ जण हुतात्मे झाले आणि तेथूनच लढ्याला खरी धार आली. माझे आजोबा गिरणीत होते. आमच्या घरी या दिवसाचे बोलणे नेहमी निघते.

गोदातीर

अबोलीताई, मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो असून हा पाठ मुलांकडून अनेकदा तक्त्याच्या रूपाने करून घेतला आहे. तुमची अडचण नेमकी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'असंतोष पसरला' हा परिणाम नाही, ती मनःस्थिती आहे. परिणामाच्या रकान्यात नेहमी 'कोणी, काय केले' हे यायला हवे. मुलीला एवढेच विचारावे की असंतोष झाला, तो नेमका कशाबद्दल, आणि मग कोण काय करू लागले. जे. व्ही. पी. समितीने १९४९ मध्ये भाषावार प्रांतरचना तत्त्वतः मान्य केली, पण ही वेळ योग्य नाही असे सांगितले. तेव्हाचा असंतोष दिरंगाईबद्दलचा होता. फाजल अली आयोगाने गुजराती आणि मराठी भाषकांचे एक मुंबई राज्य आणि विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले, तेव्हा तो मराठी मुलूख तोडल्याबद्दलचा होता. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्राकडे जाणार असे जाहीर झाले, तेव्हा तो राजधानी हातची जाण्याबद्दलचा होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये तर मुंबई मिळाली, विदर्भ आणि मराठवाडाही एकत्र आले, तरीही राज्य एकभाषिक झाले नाही, याबद्दल तो होता. असंतोष हा शब्द चारही ठिकाणी तोच राहिला, पण मागणी दर वेळी सरकलेली आहे. तक्त्यात हे सरकणे दिसले नाही, तर विद्यार्थ्याला १९५६ नंतरही आंदोलन का चालू राहिले हेच उमगत नाही.

तानाजीराव, आपण २१ नोव्हेंबरला दिलेले महत्त्व योग्यच आहे, पण आकडा दुरुस्त करायला हवा. त्या दिवशी विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात १५ जण मरण पावले. १०६ ही संख्या संपूर्ण आंदोलनातील हुतात्म्यांची आहे. जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत बळी गेलेले कितीतरी जण तिच्यात आहेत. एका दिवसाच्या ओळीत संपूर्ण आंदोलनाचा आकडा लिहिला, की जानेवारीची ओळ रिकामी वाटू लागते आणि ती गाळली जाते. मी तपासलेल्या वह्यांत हे वारंवार पाहिले आहे.

तारखेच्या क्रमाला कारण समजणे हा दुसरा धोका. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

रंगरेषा

भिंतीवर लावायचा तक्ता असेल तर आडवा कागद घ्या आणि तारखांची रेघ मधोमध काढा. कारणे रेघेच्या वर हिरव्या रंगात आणि परिणाम खाली लाल रंगात लिहिले की दुरून छान दिसते. मी मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी असा केला होता. कागद जाड मिळाला तर दोन वर्षे टिकतो.

अबोली_कराड

रंगरेषा, आभार. आमचा तक्ता वहीतलाच आहे, रोज हाताळून उजळणी करण्यासाठी. त्यामुळे रकान्यांत काय लिहावे याचीच मला अधिक काळजी आहे.

गोदातीर सर, 'कोणी, काय केले' हे भाचीला लगेच पटले. चारपैकी तीन ओळी तिने आजच बदलल्या. क्रम आणि कारण यांबद्दल जरूर लिहावे.

गोदातीर

एक उदाहरण जवळून पाहू. नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ रोजी झाला आणि राज्य पुनर्रचना आयोग, म्हणजेच फाजल अली आयोग, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेमला गेला. दोन्हींत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर असल्यामुळे तारखेने लावलेल्या तक्त्यात या ओळी लागोपाठ येतात आणि विद्यार्थी करारापुढे 'परिणाम: आयोगाची नेमणूक' असे लिहून मोकळा होतो.

येथे मी एक साधी कसोटी लावायला सांगतो. दोन ओळींच्या मध्ये 'म्हणून' घालून वाक्य मोठ्याने वाचावे. 'विदर्भ आणि मराठवाड्यातील नेत्यांशी करार झाला, म्हणून केंद्राने सगळ्या देशासाठी आयोग नेमला' हे वाक्य कानालाच खटकते. तेथे फार तर 'त्यानंतर' चालते. आयोगाचे कारण शोधायला दक्षिणेकडे जावे लागते. स्वतंत्र आंध्रसाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये मरण पावले, त्यानंतर उसळलेल्या उद्रेकापुढे केंद्र नमले आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. एका भाषेला राज्य दिल्यावर इतरांना नाही म्हणणे कठीण झाले, म्हणून आयोग. हे वाक्य 'म्हणून'सह नीट उभे राहते.

मग नागपूर कराराचा परिणाम कोणता? करार झाला तो विदर्भ आणि मराठवाड्याला आपण दुय्यम ठरू ही जी शंका होती, ती दूर करण्यासाठी. त्याचा तत्काळ परिणाम म्हणजे या भागांतले अनेक नेते एकाच मराठी राज्याच्या मागणीत सामील झाले. दूरचा परिणाम मात्र १९६० नंतर दिसतो: विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरते, ते या कराराच्या आश्वासनातून. म्हणून परिणामांच्या रकान्यात मी आडवी रेघ मारून वर 'लगेचचा' आणि खाली 'पुढचा' असे दोन भाग करायला सांगतो. प्रत्येक ओळीला दोन्ही असलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये. बहुतेक ओळींना लगेचचा परिणाम पुरतो.

आयोगाच्या तारखेबद्दल सांगायचे तर नेमणूक आणि अहवाल या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत, म्हणून दोन ओळी कराव्यात. अहवाल सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस सादर झाला आणि १० ऑक्टोबरला प्रसिद्ध झाला. लोकांची प्रतिक्रिया प्रसिद्धीनंतरची असल्याने तक्त्यात ऑक्टोबर ठेवणे बरे.

पाठातला सर्वांत दाट भाग म्हणजे ऑक्टोबर १९५५ ते नोव्हेंबर १९५६. तेवढ्याच काळाचा नमुना देतो.

| केव्हा | कारण | घटना | परिणाम: कोणी काय केले |
|---|---|---|---|
| ऑक्टोबर १९५५ | आंध्रनंतर देशभर भाषिक राज्यांची मागणी वाढली. तिच्या विचारासाठी आयोग नेमलेला होता | आयोगाचा अहवाल: मराठी व गुजराती भाषकांचे एक मुंबई राज्य, विदर्भ वेगळा | महाराष्ट्रात विरोध झाला. काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई अशी त्रिराज्य योजना मांडली |
| २१ नोव्हेंबर १९५५ | या योजनेत मुंबई महाराष्ट्रापासून तुटत होती | विधानसभेवर मोर्चा. गोळीबारात १५ मृत्यू | कामगार मोठ्या संख्येने आंदोलनात उतरले. केंद्राने मात्र मुंबईबाबत माघार घेतली नाही |
| १६ जानेवारी १९५६ | मुंबईबाबत तडजोड निघाली नाही | मुंबई केंद्रशासित करण्याची पंडित नेहरूंची घोषणा | मुंबईत उद्रेक आणि पुन्हा गोळीबार. पुढे जुलैमध्ये चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्रिपदावरून बाहेर पडले |
| ६ फेब्रुवारी १९५६ | जानेवारीच्या घटनांनी विरोधी पक्षांना एकत्र येण्याची निकड जाणवली | पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना | वेगवेगळ्या विचारांचे पक्ष एका झेंड्याखाली लढू लागले |
| १ नोव्हेंबर १९५६ | वेगळी मुंबई महाराष्ट्राला मान्य होईना | विशाल द्विभाषिक मुंबई राज्य; मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण | समितीने १९५७ च्या निवडणुकीत याच प्रश्नावर मते मागितली |

पहिल्या तीन ओळी पाहा. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्यातली निदान एक गोष्ट पुढच्या ओळीच्या कारणात उतरलेली आहे. तशी उतरत नसेल, तर मधली एखादी ओळ गळली आहे असे समजावे. येथे मुले त्रिराज्य योजना गाळतात आणि मग आयोगाने मुंबई वेगळी काढली असे लिहितात. आयोगाने तसे सुचवलेले नव्हते.

वऱ्हाडी_अभ्यासू

सर, हा धागा माझ्यासाठीही उपयोगी ठरला. मी अमरावतीला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. माझ्या तक्त्यात दार आयोग, अकोला करार, नागपूर करार असे सगळे काही आहे, पण तो इतका लांबला आहे की वाचताना डोळे नुसते घसरतात आणि परीक्षेत मात्र 'पुढीलपैकी योग्य क्रम ओळखा' असा प्रश्न आला की गोंधळ होतो. मी सगळा अभ्यासक्रमच अशा तक्त्यांत बसवावा का? आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आमच्याकडे नागपूर करार हा संपलेला परिणाम नाही. त्यातली आश्वासने किती पाळली गेली यावर इकडे आजही वाद होतात. त्या ओळीपुढे 'विदर्भ महाराष्ट्रात सामील झाला' एवढेच लिहून पुढे जाणे मला जमत नाही.

गोदातीर

आपली भावना मी समजतो आणि ती तक्त्यात यायला हरकत नाही. 'पुढचा परिणाम' या भागात १९९४ मध्ये स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे लिहावीत. प्रादेशिक असमतोलाची तक्रार शासनालाही दखल घेण्याजोगी वाटली, एवढे त्यातून दिसते. करार पाळला गेला की नाही, हा निकाल मात्र तक्त्यात लिहू नये, तो उत्तराच्या परिच्छेदात मांडावा.

सगळा अभ्यासक्रम तक्त्यांत बसवू नका. ज्या पाठात एक गोष्ट दुसरीला जन्म देत जाते, तेथेच हा प्रकार कामाचा आहे. समाजसुधारणेच्या पाठात निरनिराळ्या व्यक्ती आणि संस्था समांतर काम करत असतात; तेथे ओढूनताणून परिणाम लिहावे लागतात आणि ते खोटे पडतात.

उजळणीसाठी तक्ता नुसता वाचू नये. घटनेचा रकाना कागदाने झाकून कारण आणि परिणाम यांवरून घटना ओळखावी, दुसऱ्या दिवशी तारीख आणि परिणाम झाकावेत. शेवटी घटना चिठ्ठ्यांवर लिहून पिसाव्यात आणि तारखेकडे न पाहता, केवळ 'म्हणून'च्या आधाराने क्रम लावावा. समिती स्थापन होण्याआधी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा का यायला हवी, हे ज्याला सांगता येते, त्याचा क्रमाचा प्रश्न सहसा चुकत नाही.

बडोदेकर_सुमेधा

मी बडोद्यात वाढलेली मराठी आहे, म्हणून एका उणिवेकडे लक्ष वेधते. सरांच्या तक्त्यात, आणि बहुधा अबोलीताईंच्याही, गुजरात केवळ नकाशावर आहे. तिथल्या माणसांनी काही केले असे कुठेच दिसत नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये द्विभाषिक राज्याचा निर्णय होताच अहमदाबादमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, ८ ऑगस्टला तेथेही गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ उभी राहिली. म्हणजे द्विभाषिक राज्य ज्या दोन भाषकांसाठी होते, त्या दोघांनाही ते नको होते. ही ओळ नसेल, तर १९६० मध्ये एक राज्य मोडून दोन का झाली याचे अर्धेच उत्तर मिळते.

तानाजी_लालबाग

सुमेधाताई, हे मला माहीत नव्हते आणि सरांनी आकडा सुधारला त्याबद्दलही आभार. पुढच्या वेळी घरी बोलणे निघाले की मी सांगेन. पण १९६० चे खरे कारण १९५७ ची निवडणूकच असे मला वाटते. मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली, तेथेच दिल्लीला कळून चुकले.

बडोदेकर_सुमेधा

त्याच निवडणुकीत द्विभाषिक राज्याचे बहुमत मात्र काँग्रेसकडेच राहिले, कारण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातमधून त्यांना जागा मिळाल्या. निवडणूक हे एकमेव कारण असते, तर राज्य लगेच मोडायला हवे होते. प्रत्यक्षात त्याला तीन वर्षे लागली.

गोदातीर

दोघांचेही म्हणणे तक्त्यात यायला हवे. १ मे १९६० च्या ओळीत कारणांच्या रकान्याचे तुकडे करावे लागतात: समितीचे निवडणुकीतील यश, गुजरातमधील विरोध, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले असता झालेली प्रचंड निदर्शने, ज्यांमुळे लोकभावना पंतप्रधानांच्या समोर उभी राहिली, आणि काँग्रेसमध्ये बदललेले मत. इंदिरा गांधी १९५९ मध्ये पक्षाच्या अध्यक्षा झाल्या आणि त्यांचा कल विभाजनाकडे होता. यांपैकी कोणते कारण निर्णायक होते, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि माझा स्वतःचा कल पक्षांतर्गत बदलाकडे आहे, कारण आंदोलनाचा जोर तर १९५६ मध्येही तितकाच होता. तानाजीरावांना हे पटणार नाही याची मला कल्पना आहे.

तानाजी_लालबाग

नाही पटत, सर. पक्षाचे मत बदलले ते लोकांनी बदलायला लावले म्हणून. आपलीच 'म्हणून'ची कसोटी मी लावतो आहे.

अबोली_कराड

तुम्हा दोघांचे प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवले. तिने त्या ओळीत चारही कारणे लिहिली आहेत आणि निवडणूक व प्रतापगड यांवरून पक्षाच्या बदललेल्या मताकडे बाण काढले आहेत. गुजरातचा बाण मात्र तिने थेट घटनेकडे नेला आहे. तो बरोबर आहे की नाही हे मला सांगता येत नाही, पण तिने तो विचार करून काढला आहे. परीक्षेत 'कारणे लिहा' असे आले तर त्यातली तीन पुरेत, असे तिचे म्हणणे.

सीमावासी

मी बेळगावचा आहे. आपण सुरुवात १९४६ च्या आमच्या गावातील संमेलनापासून केली, तेव्हा वाचताना बरे वाटले. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या त्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण एवढे विचारतो की ज्या गावात ठराव झाला ते गाव शेवटी राज्यात आले नाही, ही गोष्ट तुमच्या तक्त्यात नेमकी कोठे लिहिली आहे?

अबोली_कराड

दादा, आम्ही शेवटच्या ओळीत, १ मे १९६० च्या परिणामांत, 'बेळगाव, कारवार हे भाग महाराष्ट्राबाहेर राहिले' असे लिहिले आहे.

गोदातीर

अबोलीताई, ती नोंद वर सरकवावी लागेल. बेळगाव आधी मुंबई राज्यातच होते. ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना कायद्याने. म्हणजे ज्या दिवशी द्विभाषिक राज्य झाले त्याच दिवशी. तेव्हा त्या तारखेच्या दोन ओळी करा: कायदा दोन्हींकडे एकच, पण परिणाम वेगळे. पहिल्या ओळीची साखळी १९५७ च्या निवडणुकीतून १९६० ला जाऊन थांबते. दुसऱ्या ओळीपुढे १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा येतो. १ मे १९६० च्या ओळीत गुजरातकडे गेलेला डांग ठेवावा, तो त्याच दिवशीचा आहे.

सीमावासी

बरोबर आहे, सर. १ नोव्हेंबरला आम्ही अजूनही काळा दिन पाळतो. अबोलीताई, दुसऱ्या ओळीच्या परिणामांत तेही लिहायला भाचीला सांगा, आणि त्या ओळीखाली थोडी जागा मोकळी ठेवायला सांगा.